संशोधन-पोस्टर छापायला देण्यापूर्वी

विद्यार्थ्यांच्या संशोधन-परिषदेचं पोस्टर आमच्याकडे छपाईला येतं, तेव्हा आम्ही आधी रकाने बघतो. मजकूर उत्तम असूनही पोस्टर फसतं ते बहुतेक तिथेच.

आयोजकांनी आडवं ए-० सांगितलं असेल, तर कागद ११८९ × ८४१ मिलिमीटरचा. कोऱ्या फाइलमध्ये सर्वात आधी हेच माप टाका. नेहमीच्या रुंद स्लाइडवर काम करून शेवटी मोठं केलं, तर प्रमाण जुळत नाही आणि कडेला पांढरी पट्टी राहते. दोन्ही बाजूंना ४० मिलिमीटर समास आणि रकान्यांमध्ये ३० मिलिमीटर मोकळी जागा सोडली, की तीन रकाने प्रत्येकी साधारण ३५ सेंटिमीटरचे होतात. डावीकडे सारांश आणि पद्धत, मधे निष्कर्षांचे आलेख, उजवीकडे चर्चा आणि संदर्भ. वाचणारा एक रकाना वरून खाली संपवूनच पुढच्याकडे वळतो, त्यामुळे एखादा आलेख दोन रकान्यांवर आडवा पसरला की त्याची वाट चुकते.

मिठाच्या पाण्याचा बियांच्या उगवणीवर होणारा परिणाम, या विषयाचं एक पोस्टर आमच्याकडे आलं होतं. पहिला रकाना एकट्या सारांशानेच भरलेला, तोही परिषदेला पाठवलेला अडीचशे शब्दांचा, जसाच्या तसा. मधे वीस आकड्यांचा तक्ता: मिठाची पाच प्रमाणं, चार दिवस. आम्ही सुचवलं, सारांश चार वाक्यांत आणा आणि तक्त्याऐवजी पाच रेषांचा एकच आलेख द्या. मीठ वाढलं की उगवण कुठे कोसळते, हे आलेखात लांबूनही दिसतं. तक्त्यात ते शोधावं लागतं.

आलेख आला, पण स्क्रीनशॉट म्हणून, ८०० पिक्सेल रुंद. ३३ सेंटिमीटरवर ताणल्यावर इंचाला साठेक पिक्सेलच उरतात आणि अक्षरांच्या कडा फाटतात. निदान दीडशे हवेत, म्हणजे रुंदी २००० पिक्सेलच्या आसपास. त्यापेक्षा मूळ प्रोग्रॅममधून आलेख व्हेक्टर स्वरूपात, म्हणजे कितीही ताणला तरी कडा न फाटणारा, काढलेला केव्हाही चांगला.

मजकुराचा टाइप २८ पॉइंटच्या खाली नेऊ नका. संदर्भ २० पॉइंटला चालतात, पण पोस्टरवर ज्यांचा उल्लेख आहे तेवढेच ठेवा.

आता घरी करायची तपासणी. पूर्ण पोस्टर ए-४ कागदावर छापा. लांबी-रुंदी बरोबर चौथाई होते, म्हणून हातात ३५ सेंटिमीटरवर धरलेला तो कागद म्हणजे सुमारे दीड मीटरवरून पाहिलेलं खरं पोस्टर. मजकूर डोळे बारीक करून वाचावा लागला तर नुसता टाइप वाढवू नका, आधी शब्द कापा. टाइप वाढवला की रकाना खाली ओसंडतो आणि मग आलेख आक्रसायची वेळ येते.

फाइल पीडीएफ करून, फॉन्ट एम्बेड करूनच पाठवा. मराठी मजकूर युनिकोडमध्येच हवा. जुन्या फॉन्टमधला मजकूर आमच्या संगणकावर उघडला, की जोडाक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं येतात.