बोली फ्रेंच, मेसेजमधील संक्षेप आणि वेर्लां

रोजच्या बोलण्यात आणि मोबाइलवरच्या मेसेजमध्ये वापरली जाणारी अनौपचारिक फ्रेंच. पाठ्यपुस्तकातून फ्रेंच शिकलेल्याला ती पॅरिसमध्ये पहिल्यांदा ऐकताना बहुधा कळत नाही. शब्द ओळखीचेच असतात, पण त्यांतले आवाज गळालेले असतात. ही गळती मात्र मनमानी नसते.

'मला माहीत नाही' हे पुस्तकात 'ज न से पा' असे असते. फ्रेंच नकाराला 'न' आणि 'पा' असे दोन तुकडे लागतात. त्यांतला 'न' बोलण्यात जातो आणि नकाराचा भार एकट्या 'पा'वर येतो: 'ज से पा'. मग 'ज'मधला 'अ' गळतो. हा फ्रेंच 'ज' म्हणजे घोष 'श', म्हणजे कंठ कंपवून काढलेला. तो आता अघोष 'स'ला चिकटल्यामुळे स्वतःही अघोष होतो, म्हणजे 'श' होतो. 'श्से पा' झटकन म्हटले की ऐकू येते ते 'शेपा'. 'मी आहे' या अर्थाचे 'ज स्वी' याच नियमाने 'श्वी' होते. सुशिक्षित माणसेही घरी आणि मित्रांत असेच बोलतात, त्यामुळे याला गावंढळ समजू नये.

'न' गेल्याने एका ठिकाणी खरी पंचाईत होते. 'प्ल्यूस' म्हणजे 'अधिक' आणि नकारातले 'प्ल्यू' म्हणजे 'आता नको'. दोन्हींचे लेखन एकच, plus. त्यामुळे 'मला अजून हवंय' आणि 'मला आता नको' ही 'न'शिवायची दोन वाक्ये शेवटच्या 'स'वरूनच वेगळी ओळखू येतात. मेसेजमध्ये तीही सोय नाही. तिथे अनेक जण 'अधिक'साठी सरळ + टाकतात.

मेसेजमधील संक्षेप दोन वाटांनी तयार होतात. एक वाट उच्चाराची. फ्रेंचमध्ये C या अक्षराचे नाव 'से' आणि G चे 'जे'. म्हणून c म्हणजे 'हे आहे' (से) आणि g म्हणजे 'माझ्याकडे आहे' (जे). 2m1 हे 'द्-म-अँ', म्हणजे उद्या. अंकांची ही कसरत मेसेजला 160 अक्षरांची मर्यादा होती त्या काळात फोफावली. आज ती जुनाट वाटते. दुसरी वाट व्यंजनांच्या सांगाड्याची किंवा आद्याक्षरांची: bcp म्हणजे 'बोकू' (पुष्कळ), mdr म्हणजे 'मोर द रीर', हसून मेलो. ही वाट अजून जोरात आहे. bcp सारखे सांगाडे तर वर्गात भराभर टिपणे काढणारे विद्यार्थी कागदावरही वापरतात.

वेर्लां म्हणजे अक्षरखंडांची उलटापालट. 'लांवेर' (उलटे) हाच शब्द उलटून ते नाव पडले आहे. आपल्याकडच्या मुलांची 'च'ची भाषा याच जातीची, पण वेर्लांला एक जास्तीची पायरी आहे. 'मेर' (आई) घ्या. आधी शेवटच्या व्यंजनाला 'अ' जोडून दोन खंड करायचे: मे-र. मग उलटायचे: र-मे. मग शेवटचा स्वर कापायचा: 'रम', लिहिताना reum. 'फाम' (बाई) याच रीतीने 'मफ' होते. 'लूश' (संशयास्पद) मात्र उलटून 'शलू' झाल्यावर तिथेच थांबते, छाटले जात नाही. कुठला शब्द छाटायचा हे रूढी ठरवते. म्हणून शिकणाऱ्याने स्वतः शब्द उलटून बघू नयेत, ते बहुधा हास्यास्पद होतात.

पॅरिसच्या उपनगरांतील तरुणांमुळे वेर्लां 1970 नंतर फार पसरले. अरब माणसासाठीचे 'आराब' उलटून-छाटून 'बर' झाले. वंशवादाविरुद्ध 1983 साली मार्सेय ते पॅरिस निघालेल्या मोर्चाला वृत्तपत्रांनी हाच शब्द जोडला. तो सगळ्यांच्या तोंडी गेल्यावर तरुणांनी तो पुन्हा उलटवला आणि 'रब' केला. समाजवाचक वेर्लां शब्द बाहेरच्याने वापरले तर अपमान वाटू शकतो, 'शलू'सारखे शब्द मात्र निर्धोक आहेत.

आता एक मेसेज सोडवू:

```
t ou ? chui chez ma reum, jsp si jpeu venir, tkt
```

t म्हणजे 'तू आहेस' ('त्यू ए'चे बोलीतले 'ते'), ou म्हणजे कुठे (वरची खूण गाळून). chui हे वरचे 'श्वी', chez ma reum म्हणजे आईकडे. jsp हे 'ज से पा', त्यात 'न'ला जागाच नाही. jpeu म्हणजे 'मला जमेल', venir म्हणजे येणे. tkt हे 'तँक्येत', शब्दशः 'काळजी कर'. अर्थ मात्र 'काळजी करू नकोस', कारण इथे 'न'बरोबर 'पा'सुद्धा गळाला आहे. एकूण: कुठे आहेस? मी आईकडे आहे, यायला जमेल की नाही माहीत नाही, काळजी करू नकोस.

असे मेसेज वरिष्ठांना किंवा घरमालकाला पाठवत नाहीत. मात्र संक्षेपातही आदर सुटत नाही: 'कृपया'साठी 'तू' म्हणण्याजोग्या माणसाला stp लिहितात, 'तुम्ही' म्हणण्याजोग्याला svp.