दोन पर्याय कटाप, मग ठोकायचं?

“दोन पर्याय उडाले की ठोकून द्यायचं, फायदाच होतो म्हणतात. मग माझे गुण कसे कापले गेले?”

फायदा सरासरीत असतो, एकेका प्रश्नात नाही. यूपीएससी पूर्वपरीक्षेच्या सामान्य अध्ययनाच्या पेपरात बरोबर उत्तराला 2 गुण मिळतात, चुकल्यास त्याचा एक तृतीयांश, म्हणजे सुमारे 0.66 जातो. उरलेल्या दोन पर्यायांतून असे सहा प्रश्न ठोकले आणि तीन लागले, तर 6 उणे 2, म्हणजे हातात 4. एकच लागला तर 2 उणे 3.33, म्हणजे खिशातलेच 1.33 गेले. साधारण दर नऊ जणांत एकाचा तरी असा तोटा होतोच.

खरी गोम मात्र वेगळी आहे. उडवलेले दोन पर्याय खरंच चूक होते का? “फक्त”, “सर्व” असे शब्द दिसले म्हणून काट मारली असेल आणि निम्म्या वेळा बरोबर उत्तरच त्यात गेलं असेल, तर लागण्याची शक्यता 50 वरून 25 टक्क्यांवर येते. तिथे सरासरी फायदा शून्य. सराव पेपरात अशा प्रश्नांवर खूण करून तपासा. आणि जिथे चुकीला पूर्ण गुण कापतात, तिथे दोन पर्याय अचूक उडवूनही हाती काहीच लागत नाही.