हैती: गुलामगिरी संपली तो दिवस वेगळा, देश झाला तो वेगळा

हैतीवर मराठीत काही वाचायला घेतलं की बहुतेक वेळा एकच वाक्य भेटतं: ‘१८०४ साली गुलामांनी बंड करून गुलामगिरी संपवली आणि देश स्थापन केला.’ यात दोन घटना एकात कोंबल्या आहेत आणि त्यांच्यात दहा वर्षांचं अंतर आहे. ते अंतर गाळलं की सगळी गोष्टच उलटीपालटी होते.

फ्रेंच राज्यक्रांती शाळेत झालेली आहे, ती इथे पुन्हा सांगत नाही. हैतीचं जुनं नाव सँ-दोमँग, कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटाचा पश्चिमेकडचा भाग. शेजारचं स्पॅनिश सांतो दोमिंगो त्याच बेटाचा पूर्वेकडचा भाग, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. सँ-दोमँग फ्रान्सची साखरेची वसाहत होती आणि तिथे जवळपास पाच लाख माणसं गुलाम होती.

ऑगस्ट १७९१ मध्ये उत्तरेच्या मैदानात बंड पेटलं, उसाचे मळे आणि साखरेचे कारखाने जळाले. पण या बंडाच्या म्होरक्यांनी लगेच स्वातंत्र्य मागितलं, असं समजू नका. त्याच वर्षाच्या अखेरीस झाँ-फ्रान्स्वा आणि बियासू तडजोडीला तयार होते: काही मोजक्या लोकांना मुक्ती द्या, बाकीच्यांना आम्ही मळ्यावर परत नेतो. गोऱ्या मळेवाल्यांच्या सभेने तेही धुडकावलं. लढा लांबला तो त्यांच्या या हट्टामुळेही.

जून १७९३ मध्ये ल काप शहरात पॅरिसहून आलेले आयुक्त सोंतोनाक्स आणि पोल्व्हरेल अडचणीत सापडले. फ्रेंच गव्हर्नर गाल्बो त्यांच्यावरच उलटला होता, पाठीशी खलाशी होते. आयुक्तांनी आसपासच्या बंडखोरांना निरोप धाडला: आमच्या बाजूने लढाल तर मुक्त व्हाल. हजारो बंडखोर शहरात उतरले, शहर जळालं, गाल्बो पळाला. त्यानंतर २९ ऑगस्ट १७९३ रोजी सोंतोनाक्सने उत्तर प्रांतातली गुलामगिरी रद्द केल्याचं जाहीर केलं. बाकीच्या प्रांतांतही काही आठवड्यांत तेच झालं. पॅरिसच्या कन्व्हेन्शनने, म्हणजे क्रांतीतल्या फ्रान्सच्या संसदेने, सर्व वसाहतींसाठी कायदा केला तो ४ फेब्रुवारी १७९४ ला, म्हणजे नंतर. ‘समतेच्या घोषणेतून पॅरिसने मुक्ती दिली’ हे वाक्य म्हणूनच मला अजिबात सहन होत नाही. जे बंदुकीच्या जोरावर आधीच मिळवलं होतं, त्यावर पॅरिसने शिक्का मारला.

आता खरा घोळ. मुक्ती मिळाली, पण देश झाला नाही. बंडखोरांचा सेनानी तुसाँ लुव्हेर्त्यूर तोवर फ्रान्सविरुद्ध शेजारच्या स्पॅनिशांकडून लढत होता; १७९४ मध्ये तो स्पेनची बाजू सोडून फ्रान्सकडे आला आणि पुढे वसाहतीचा सर्वेसर्वा झाला. त्याची १८०१ ची राज्यघटना वाचा: गुलामगिरी कायमची रद्द, आणि इथली सगळी माणसं जन्मतात, जगतात, मरतात ती मुक्त आणि फ्रेंच म्हणून. फ्रेंच! तुसाँला हैतीचा संस्थापक म्हणणाऱ्यांनी हा एक शब्द पचवून दाखवावा. शिवाय त्याने शेतमजुरांना मळ्यांशी बांधूनच ठेवलं. उत्पन्नाचा चौथा हिस्सा मिळायचा, पण काम सोडून जायची मुभा नव्हती.

मग फ्रान्सशी नातं तुटलं कशामुळे? १८०२ च्या सुरुवातीला नेपोलियनने पाठवलेला त्याचा मेव्हणा लक्लेर फौज घेऊन येऊन धडकला. काही महिन्यांच्या लढाईनंतर तुसाँने शस्त्रं ठेवली. जूनमध्ये त्याला पकडून फ्रान्सला नेलं आणि एप्रिल १८०३ मध्ये तो तिथल्या कैदेत मेला. आणि देसालिन? पुढे देश ज्याने स्थापला, तो देसालिन तेव्हा लक्लेरच्या फौजेत होता आणि डोंगरातल्या बंडखोरांना चिरडत होता. तेवढ्यात ग्वादलूप या कॅरिबियनमधल्याच दुसऱ्या फ्रेंच बेटावरून बातमी आली: तिथे फ्रेंचांनी गुलामगिरी पुन्हा आणली. ऑक्टोबर १८०२ मध्ये लक्लेरच्या फौजेतले पेतिओं, देसालिन, क्रिस्तोफ हे सेनानी एकामागून एक फुटले. फ्रेंच राहून मुक्त राहता येईल हा हिशेब तिथे संपला. तोवर पिवळ्या तापाने फ्रेंच फौज पोखरली होती आणि नोव्हेंबरात लक्लेरही त्यातच गेला. १८ नोव्हेंबर १८०३ ला व्हेर्तियेरच्या लढाईत फ्रेंच हरले, आणि १ जानेवारी १८०४ ला गोनाइव्ह इथे देसालिनने स्वातंत्र्य जाहीर केलं.

म्हणजे १८०४ ने गुलामगिरी संपवली नाही; संपलेली गुलामगिरी परत येऊ दिली नाही. याचा पुरावा ग्वादलूपच आहे. १७९४ चा कायदा तिथेही लागू झाला होता, तिथली माणसंही आठ वर्षं मुक्त होती आणि १८०२ मध्ये लढलीही. पण ती हरली, आणि तिथली गुलामगिरी थेट १८४८ पर्यंत टिकली.