बालकांची औषधमात्रा : वय आणि वजनगट

मुलाला औषध किती द्यायचे हे ठरवण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. एकीत वय विचारतात, दुसरीत मूल काट्यावर ठेवतात. वय आईला तोंडपाठ असते आणि बाटलीवर ‘१ ते ५ वर्षे’ असे छापणे सोपे जाते, म्हणून पहिली पद्धत फार काळ चालली. थॉमस यंग यांच्या नावाचे जुने सूत्र याच पठडीतले : वयाला वय अधिक १२ ने भागायचे आणि आलेल्या अपूर्णांकाने मोठ्यांच्या डोसाला गुणायचे. तीन वर्षांच्या मुलाला त्यातून मोठ्यांच्या डोसाचा पाचवा हिस्सा मिळतो, मग ते मूल हडकुळे असो की गुटगुटीत.

अडचण इथेच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या वाढतक्त्यानुसार तीन वर्षांच्या मुलग्याचे मध्यम वजन १४.३ किलो असते. पण त्याच तक्त्यात तीव्र कमी वजनाची रेघ १० किलोवर आहे, तर वरच्या बाजूला १८ किलोचा मुलगाही बसतो. मेळघाटात किंवा जव्हार-मोखाड्यात अंगणवाडीच्या काट्यावर १० किलोचे तीन वर्षांचे मूल दिसणे नवलाचे नाही.

तापावरच्या पॅरासिटामॉलचे उदाहरण घेऊ. त्याचा डोस एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम असतो. ब्रिटनमध्ये २०११ पर्यंत १ ते ५ वर्षे या एकाच गटाला १२० ते २५० मिलिग्रॅम, दिवसातून जास्तीत जास्त चार वेळा, अशी सूचना असे. त्या वर्षी हे वयोगट अरुंद केले गेले. जुन्या सूचनेची वरची मर्यादा १८ किलोच्या मुलाला किलोमागे १४ मिलिग्रॅम पडते, म्हणजे ठीक. तीच १० किलोच्या मुलाला २५ पडते आणि चार वेळा दिल्यावर दिवसाला किलोमागे १०० होते. दिवसाची मर्यादा साधारणपणे ६० धरतात. या मुलाला हवे होते १०० ते १५० मिलिग्रॅम. आपल्याकडच्या ‘५ मिलिलिटरमध्ये २५० मिलिग्रॅम’ या बाटलीतून १५० मिलिग्रॅम म्हणजे ३ मिलिलिटर. पूर्ण ५ मिलिलिटर ओतले की २५० झाले. १२० मिलिग्रॅमची बाटलीही याच औषधाची असते, त्यामुळे वजन कळले तरी लेबल वाचावेच लागते.

कुपोषित मुलाला हा जादा डोस अधिक बाधू शकतो. पॅरासिटामॉलचा थोडा भाग यकृतात विषारी पदार्थात बदलतो आणि ग्लुटाथायोन त्याला निकामी करते. उपाशी, अशक्त मुलात ग्लुटाथायोनचा साठाच कमी असतो. फसवी गोष्ट अशी की पहिल्या दिवशी उलटी-मळमळीपलीकडे फारसे काही दिसत नाही.

मग प्रत्येक वेळी किलोचा गुणाकार करायचा का? दवाखान्याच्या गर्दीत दशांश चिन्ह सरकले की डोस दहापट होतो. वजनगट, म्हणजे बोलीभाषेतला ‘वेट बँड’, हा त्यावरचा तोडगा. भारताच्या क्षयरोग कार्यक्रमात लहान मुलांच्या एकत्रित गोळीत रिफाम्पिसिन ७५ मिलिग्रॅम असते. ४ ते ७ किलोला एक गोळी, ८ ते ११ ला दोन, १२ ते १५ ला तीन, १६ ते २४ ला चार. या औषधाची अपेक्षित मात्रा किलोमागे १० ते २० आहे. प्रत्येक गटातल्या सर्वात हलक्या मुलाला, म्हणजे ४, ८, १२ आणि १६ किलोला, बरोबर १८.७५ पडते. गटांच्या कडा अशा आखल्या आहेत की हलके मूलही वरची मर्यादा ओलांडत नाही. आपल्या १० किलोच्या मुलाला दोन गोळ्या मिळतात आणि १८ किलोच्या समवयस्काला चार. गुणाकार कुणालाच करावा लागत नाही. उपचार चालू असताना मुलाचे वजन वाढले तर गट बदलतो, म्हणून त्याला पुन्हा तोलतात.

वय सर्वत्र टाकाऊ नाही. जंतनाशक अल्बेंडाझोल १ ते २ वर्षांच्या मुलाला अर्धी गोळी आणि त्यापुढे पूर्ण, असे वयावरूनच देतात. औषध एकदाच द्यायचे आणि थोडे कमीजास्त झाले तरी धोका कमी, त्यामुळे शाळाशाळांतून काटा फिरवण्याची गरज नसते.

उलट, काही ठिकाणी एकटे वजनही पुरत नाही. नवजात बाळाचे यकृत आणि मूत्रपिंड अजून तयार होत असतात. त्याला दिवसांचे वय आणि वजन दोन्ही पाहून डोस ठरतो. कुपोषणाने पायांवर सूज आली असेल तर काट्यावर पाण्याचेही वजन येते. खूप स्थूल मुलात किलोचा हिशेब मोठ्यांच्या डोसापलीकडे जाऊ शकतो, तेव्हा मोठ्यांच्या कमाल डोसाशी थांबतात. स्वेटर, चप्पल न काढता तोललेले मूल गटाच्या कडेवर असेल तर वरच्या गटात सरकते. आणि रडणारे मूल काट्यावर टिकत नसेल, तर आधी आईला एकटीला आणि मग मुलासह तोलून वजाबाकी करतात.