आडव्या नळीतलं संघनन: थराला खाली खेचणारं गुरुत्व की पुढे ओढणारी वाफ?

आडव्या नळीत वाफ द्रवरूप होते तेव्हा भिंतीवर द्रवाचा पातळ थर बसतो. उष्णतेला वाट अडवणारा हा थरच. त्यामुळे तो पातळ कोण ठेवतं, यावर सगळं अवलंबून असतं. वाफ संथ असेल तर गुरुत्व थराला भिंतीवरून खाली उतरवतं आणि द्रव तळाशी साचून वाहतो. वाफ वेगात असेल तर ती थराला नळीच्या दिशेने ओढत नेते. तेव्हा द्रव चारी बाजूंनी कड्यासारखा भिंतीला चिकटलेला असतो आणि वाफ मधून धावते. पहिल्या अवस्थेसाठी चॅटोचं सूत्र वापरतात, दुसरीसाठी शाहचं. दोन्ही 'आडव्या नळीतल्या संघननाची' म्हणून ओळखली जातात, म्हणून गल्लत होते.

उष्णता-संक्रमण गुणांक `h` साठी चॅटोचं सूत्र (1962) असं:

```
h = 0.555 [g ρl (ρl-ρv) k³ h'fg / (μl ΔT D)]^(1/4)
```

यात प्रवाहदर कुठेच नाही. आहे तो `ΔT`, म्हणजे संतृप्त तापमान आणि भिंतीचं तापमान यांतला फरक. तो वाढला की जास्त द्रव तयार होतो, थर जाड होतो आणि `h` घटतो. नळीच्या बाहेरच्या संघननाला हाच गुणक 0.729 असतो. आत तो 0.555 वर येतो, कारण तळाशी साचलेला द्रव भिंतीचा तेवढा भाग जवळजवळ निकामी करतो.

शाहच्या सूत्रात (1979) याच्या नेमकं उलट आहे. तिथे `ΔT` नाही. सगळा प्रवाह द्रव धरून `h` काढायचा, जो प्रवाहदराच्या 0.8 घाताने वाढतो, आणि मग वाफेच्या प्रमाणावर आणि दाबावर ठरणाऱ्या गुणकाने तो गुणायचा.

आता एक उदाहरण. आर-134ए हे शीतक, 40 अंश सेल्सियस, आतला व्यास 8 मिमी, `ΔT` 5 केल्विन, वाफेचं वस्तुमान-प्रमाण निम्मं (`x` = 0.5). सेकंदाला 20 ग्रॅम शीतक द्रवरूप करायचं आहे. ते एकाच नळीतून नेलं तर वस्तुमान-वेग `G` सुमारे 400 किग्रॅ/मी²·से होतो आणि सुरुवातीला वाफ 8 मी/से वेगाने शिरते. दाबातली घट कमी करण्यासाठी तोच प्रवाह आठ समांतर नळ्यांत वाटला तर `G` 50 होतो आणि वाफेचा वेग 1 मी/से.

एका नळीत शाह सुमारे 4030 वॅट/मी²·के देतो, चॅटो 1880. आठ नळ्यांत शाह 760 वर येतो, चॅटो मात्र 1880 वरच राहतो. म्हणजे आठ नळ्यांची रचना शाहने केली, तर शीतकाच्या बाजूचा `h` अडीच पटीने कमी धरला जातो आणि नळी विनाकारण लांबते. हवेने थंड होणाऱ्या कंडेन्सरात हवेची बाजूच मोठा अडथळा असल्याने ही चूक झाकली जाते. पाण्याने थंड होणाऱ्यात ती थेट तांब्याच्या बिलात दिसते.

निवड कशी करायची? चॅटोच्या सूत्राची नेहमीची अट अशी, की शिरणाऱ्या वाफेचा रेनॉल्ड्स अंक `GD/μv` 35,000 च्या खाली हवा. आठ नळ्यांत तो सुमारे 32,000 आहे, एका नळीत अडीच लाखांच्या वर. मला मात्र पुढची कसोटी जास्त पटते, कारण ती वाफेची ओढ आणि गुरुत्व यांना थेट समोरासमोर ठेवते:

```
J = x G / [g D ρv (ρl-ρv)]^0.5
```

`J` 0.5 च्या खाली असेल तर गुरुत्व, 1.5 च्या वर असेल तर ओढ, मधे असेल तर दोन्ही सूत्रांच्या उत्तरांमध्ये अंतर्वेशन. आपल्या उदाहरणात वर्गमूळ काढल्यावर छेद 65.7 येतो. म्हणून एका नळीत `J` सुमारे 3, आठ नळ्यांत 0.38. निर्णय स्पष्ट आहे.

पण हे `x` निम्मं असताना. `J` मध्ये `x` आहे आणि संघनन होत जाईल तसा तो घटतो. एकाच नळीच्या रचनेतही `x` साधारण 0.25 च्या खाली गेला की `J` 1.5 खाली उतरतो, आणि 0.08 च्या आसपास तो पूर्ण गुरुत्वाच्या हद्दीत येतो. म्हणून नळीचे तुकडे पाडून प्रत्येकात `J` तपासावा. संपूर्ण नळीला एकच सूत्र लावणं फक्त पहिल्या अंदाजापुरतं ठीक.

चालू यंत्रावर खात्री करायची असेल तर भिंतीच्या तापमानावरून `h` मोजत दोन गोष्टी एकेक करून बदलून बघा. `ΔT` तोच ठेवून प्रवाह दुप्पट केला आणि `h` जागचा हलला नाही, तर गुरुत्व. तो पावणेदोन पटीच्या जवळ गेला, तर ओढ. नंतर प्रवाह तोच ठेवून थंड पाण्याने `ΔT` 5 वरून 10 केल्विन करा. गुरुत्वाच्या अवस्थेत `h` 1880 वरून सुमारे 1590 वर यायला हवा. ओढीच्या अवस्थेत तो फारसा हलत नाही.