समारंभाचं जेवण: डबा उघडल्यापासून उरलेलं फ्रीजमध्ये जाईपर्यंत

बारसं, मुंज, साखरपुडा, डोहाळजेवण अशा घरच्या कार्यक्रमांना आमच्याकडून जेवण नेणाऱ्यांसाठी हे माहितीपत्रक आहे. आमच्या स्वयंपाकघरातून गरम पदार्थ निघताना त्याच्या मध्यभागचं तापमान ७५ अंश सेल्सिअसच्या वर असतं. भरल्याची वेळ आणि तापमान डब्याच्या झाकणावरच्या चिठ्ठीवर लिहिलेलं असतं. ती चिठ्ठी काढून टाकू नका, पुढचा सगळा हिशोब तिच्यावरूनच करायचा आहे.

५ ते ६० अंश

पोट बिघडवणारे बहुतेक जिवाणू ५ ते ६० अंशांच्या मधे वाढतात. ६० च्या वर त्यांची वाढ थांबते. ५ च्या खाली ती फार मंदावते किंवा थांबते, पण जिवाणू मरत नाहीत. अन्न कोमट असताना, म्हणजे साधारण ३० ते ४५ अंशांना, त्यांची वाढ सर्वांत जोरात होते. तेव्हा काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. एका घासात हजार जिवाणू असतील तर चार तासांत बारा वेळा दुप्पट होऊन ते चाळीस लाखांच्या घरात जातात. पहिल्या तासात हजाराचे फक्त आठ हजार झालेले असतात. खरी उडी शेवटच्या तासात पडते, म्हणून ‘अजून अर्धा तास राहू दे’ हे सुरुवातीला चालून जातं आणि शेवटी महागात पडतं.

नीट शिजवलेल्या अन्नात जिवाणू उरतातच कसे, असं बरेच जण विचारतात. काही जिवाणू प्रतिकूल परिस्थितीत टणक कवचाचे बीजाणू बनवतात आणि ते उकळत्या पाण्यातही टिकतात. भातात बहुधा बॅसिलस सेरियसचे बीजाणू असतात, ते तांदळाबरोबर शेतातूनच येतात. मटण-चिकनच्या दाट रश्शात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्सचे असू शकतात. शिजवताना बाकीचे जिवाणू मरतात, बीजाणू मात्र उरतात. अन्न निवत कोमट झालं की ते उगवतात आणि त्यांच्याशी स्पर्धा करायला दुसरं कुणी उरलेलं नसतं. परफ्रिंजन्सला हवा नको असते. उकळताना रश्शातली हवा निघून गेलेली असते, त्यामुळे झाकून ठेवलेलं खोल पातेलं त्याला फार मानवतं. ४३ ते ४७ अंशांना तो दहा-बारा मिनिटांत दुप्पट होऊ शकतो.

अन्न विटलं की आंबूस वास येतो, तार सुटते, बुडबुडे दिसतात. पण ही कामं बहुतेक वेळा वेगळ्या जिवाणूंची असतात. आजारी पाडणाऱ्यांमुळे वासात किंवा चवीत काहीच फरक पडला नाही असं सहज होऊ शकतं. म्हणून वास घेऊन निर्णय करू नका, घड्याळ बघून करा.

घड्याळ कसं लावायचं

पदार्थ ६० अंशांच्या खाली आला की वेळ मोजायला लागा. दोन तासांच्या आत असेल तर खाता येतो किंवा लगेच गार करून फ्रीजमध्ये ठेवता येतो. दोन ते चार तास झाले असतील तर तेव्हाच खाऊन संपवा, साठवू नका. चार तास उलटले की टाकून द्या. ही वेळ एकूण मोजायची असते. मधे गरम केलं म्हणून घड्याळ शून्यावर येत नाही. एप्रिल-मे महिन्यांत खोलीत ३५ अंशांच्या वर उकाडा असेल तर साठवण्यासाठीची दोन तासांची मुदत एकच तास धरा.

तापमान बघायला अणकुचीदार सळईचा डिजिटल थर्मामीटर घ्या. सळई पदार्थाच्या मध्यभागी घाला, भांड्याच्या बुडाला टेकू देऊ नका. बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून त्यात धरल्यावर त्याने शून्य दाखवायला हवं. उकळत्या पाण्यात पुण्यात ९८ च्या आसपास दिसेल. शहर उंचावर असल्यामुळे इथे पाणी १०० च्या आधीच उकळतं, थर्मामीटरमध्ये दोष नसतो. थर्मामीटर नसेल तर ढवळल्यावर भरपूर वाफ येते का ते बघा. वाफ नसेल तर पदार्थ ६० च्या खाली गेला असंच समजा.

आता एक उदाहरण घेऊ. मे महिना, खोलीत ३६ अंश उकाडा, चाळीस माणसांचं बारसं. म्हणजे साठवण्याची मुदत एकच तास. भाताचे दोन डबे सव्वाअकराला ८० अंशांना भरले. साडेबाराला पहिला उघडून भात परातीत काढला, दुसरा बंदच राहिला. परातीतला भात एकच्या सुमारास ६० च्या खाली गेला. पावणेतीनला शेवटची पंगत उठली तेव्हा त्याचे पावणेदोन तास झाले होते. हा भात कुणी तेव्हाच खाल्ला तर हरकत नाही, पण संध्याकाळसाठी ठेवायचा नाही. दुसरा डबा उघडून मध्यभागी मोजलं तर ६६ अंश. त्याचं घड्याळ अजून सुरूच झालेलं नाही, तो गार करून ठेवता येईल. दोन्ही भात एकाच पातेल्यातले आहेत, पण परातीतला उरलेला भात डब्यात परत ओतला की सगळाच परातीतल्या भातासारखा धरावा लागतो. ही सवय आम्हाला फार वेळा दिसते. कृपया ओतू नका.

त्याच घरी पाच लिटर चिकनचा रस्सा मंद आचेवर होता. तीनला गॅस बंद केला, झाकण ठेवलं आणि मंडळी गप्पांना बसली. एवढं भरलेलं, झाकलेलं पातेलं हळू निवतं, साडेचार-पाचच्या सुमारास ते ६० च्या खाली येतं. पाचला आठवण झाली आणि लगेच गार करायला घेतलं तर रस्सा वाचतो. सहा-साडेसहाला आठवण झाली तर उकळून त्या जेवणातच संपवायचा. रात्री नऊला तो चाळिशीच्या आसपास असेल आणि त्याने परफ्रिंजन्सला मानवणारा सगळा पट्टा सावकाश पार केलेला असेल. चार तास उलटलेच आहेत, तो टाकूनच द्या. बाहेर ठेवून तो आणखी गार होणारही नाही, कारण खोलीच ३६ अंशांची आहे.

गार करणं

६० वरून २१ अंशांपर्यंत दोन तासांत आणि तिथून ५ पर्यंत पुढच्या चार तासांत, हे उद्दिष्ट ठेवा. इथे थराची जाडी सगळं ठरवते. जाडी दुप्पट झाली की मध्यभाग गार व्हायला जवळजवळ चौपट वेळ लागतो. वीतभर खोल पातेल्यातला भात फ्रीजमध्ये ठेवला तरी त्याचा गाभा कित्येक तास कोमट राहतो.

भात स्वच्छ, कोरड्या परातीत चार-पाच सेंटिमीटरच्या थरात पसरा आणि पंख्याखाली ठेवा. वाफ थांबली की पसरट डब्यांत भरून फ्रीजमध्ये. रस्सा दोन-तीन पसरट पातेल्यांत वाटून घ्या. बेसिनमध्ये किंवा टबमध्ये पाणी घेऊन त्यात पातेली ठेवा आणि स्वच्छ डावाने ढवळत राहा. पाच लिटर रस्सा ६० वरून २० वर आणायला साधारण दोन किलो बर्फ लागतो, तो बाहेरच्या पाण्यात घालायचा, रश्शात नाही. उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणीच गरम येतं, तेव्हा बर्फाशिवाय हे जमत नाही. कार्यक्रमाच्या दिवशी बर्फाची पिशवी आधीच आणून ठेवा.

गरम पदार्थ फ्रीजमध्ये ठेवायचाच नाही असं समजून अनेक घरांत रस्सा रात्रभर ओट्यावर राहतो. उकळतं मोठं पातेलं आत ठेवणं चुकीचं आहे, त्याने शेजारचं दूधही तापतं. पण पूर्ण गार होण्याची वाट बघायची नसते. पसरट डबा, वाफ थांबलेली, आजूबाजूला हवा खेळायला जागा, एवढं असलं की ठेवा. फ्रीज ४-५ अंशांवर आहे ना, हेही त्याच थर्मामीटरने बघून घ्या.

भात दुसऱ्या दिवशी संपवा. रस्सा, आमटी, उसळ दोन दिवसांत.

पुन्हा गरम करताना

रश्शाला आणि आमटीला ढवळत पूर्ण उकळी आणा. भाताचा मध्यभाग ७५ अंशांवर गेला पाहिजे. मायक्रोवेव्हमध्ये कडा तापतात आणि मध्य गारच राहतो, म्हणून झाकून गरम करा, एकदा मधेच ढवळा आणि शेवटी दोन मिनिटं तसंच राहू द्या. लागेल तेवढंच काढून एकदाच गरम करा.

रात्रभर बाहेर राहिलेल्या भाताचा सकाळी फोडणीचा भात केला तर धोका जात नाही. बॅसिलस सेरियसचं उलटी आणणारं विष उकळल्याने किंवा परतल्याने नष्ट होत नाही. माणसाच्या हातावरून येणाऱ्या स्टॅफिलोकोकसच्या विषाचंही तसंच आहे. श्रीखंड, बासुंदी, मिठाई वाढताना बोटाला जखम किंवा फोड असेल तर ते काम दुसऱ्याकडे द्या आणि चव बघायला वेगळा चमचा घ्या.

कच्च्याचा शिजलेल्याला संसर्ग

जेवण आमचं असलं तरी कोशिंबीर, कांदा-लिंबू, वरची कोथिंबीर बहुधा तुमच्या ओट्यावरच चिरली जाते. त्याच सकाळी घरच्यांसाठी चिकन किंवा मासे साफ केले असतील तर विळी, फळी, नळाची मूठ आणि ओटा पुसायचं ओलं फडकं या चारही जागी साल्मोनेलासारखे जिवाणू असू शकतात. चिकन शिजताना त्यावरचे मरतात, कांद्यावर आलेले कुणी शिजवत नाही. म्हणून कच्चं खायचं ते आधी चिरून झाकून ठेवा, मांस-मासळी नंतर घ्या. त्यानंतर विळी आणि फळी साबण आणि गरम पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा, फडकं बदला, हात साबणाने वीस सेकंद धुवा.

चिकन नळाच्या धारेखाली धुतलं की बारीक शिंतोडे दूरवर उडतात. खरं तर धुऊ नये. धुतल्याशिवाय चैनच पडत नसेल तर पातेल्यातल्या पाण्यात बुडवून हळूच काढा, पाणी अलगद ओता आणि बेसिन लगेच साबणाने घासा. फ्रीजमध्ये कच्चं मांस झाकलेल्या डब्यात, सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे त्याचं पाणी आमच्या डब्यांवर गळणार नाही.

कुणाला त्रास झालाच तर

खाल्ल्यापासून एक ते सहा तासांत उलट्या सुरू झाल्या तर भात किंवा दुधाच्या पदार्थातल्या तयार विषाची शंका घ्यावी. सहा ते चोवीस तासांनी पोटात कळा आणि जुलाब आले तर रश्शाकडे बघावं. ताप बहुधा साल्मोनेलासारख्या संसर्गात येतो आणि तो दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही उगवू शकतो. ओआरएस थोडं थोडं पाजत राहा. शौचातून रक्त पडलं, खूप ताप आला, पाणीही पोटात ठरेना किंवा लघवी कमी झाली तर डॉक्टरांकडे न्या. लहान मूल, गरोदर स्त्री किंवा वयस्कर माणूस असेल तर यांपैकी कशाचीच वाट न बघता न्या.

उरलेला पदार्थ टाकू नका. प्रत्येकातलं वाटीभर स्वच्छ झाकणबंद डब्यात काढा, वर ‘खाऊ नये’ असं लिहून फ्रीजमध्ये ठेवा आणि झाकणावरच्या चिठ्ठीसह आम्हाला लगेच फोन करा. कोणी काय खाल्लं आणि किती वाजता, तेही लिहून ठेवा.