डोकं टेकतं तिथेच सोफा का तडकतो?

चामड्याचा जुना सोफा नीट निरखून पाहिला, तर एक विसंगती दिसते. भिंतीकडची मागची बाजू दहा वर्षांनीही धड असते. तिला कुणी कधी क्रीम लावलेलं नसतं, तरी ती तडकलेली नसते. तडे, पोपडे आणि चिकटपणा दिसतो तो डोकं टेकतं तिथे आणि हात ठेवतो तिथे. बैठकीवरच्या रेघा समजण्यासारख्या आहेत, तिथे चामडं रोज दुमडतं. पण डोक्यामागचा भाग तर फारसा वाकतही नाही. चामडं निव्वळ कोरडेपणाने तडकत असतं, तर सगळ्यात आधी मागची बाजू तडकायला हवी होती.

या कोड्याचं उत्तर चामड्याच्या रचनेत आहे. चामडं म्हणजे कोलॅजन नावाच्या प्रथिनाच्या तंतूंचं घट्ट जाळं. कातडं कमावताना या तंतूंमध्ये तेलाचं पाण्यात फेटलेलं मिश्रण मुरवतात. त्यामुळे तंतू एकमेकांवरून सहज सरकतात आणि चामडं मऊ राहतं. घरातल्या बहुतेक सोफ्यांच्या चामड्यावर मग रंगाचा थर आणि त्यावर पॉलियुरेथेनसारख्या प्लास्टिकचा पारदर्शक थर देतात. हे दोन्ही थर मिळून कागदाइतकेही जाड नसतात, पण आपण बसतो ते त्यांच्यावर. खरं चामडं त्यांच्या खाली असतं.

आता आपल्या त्वचेचं तेल पाहू. त्यात चरबी, मेण, स्क्वालीन आणि ओलेइक आम्लासारखी मोकळी मेदाम्लं असतात. स्क्वालीन हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावतं आणि चिकट होतं, त्यावर धूळ बसते. हा मळ निदान डोळ्यांना दिसतो. मेदाम्लांचं काम मात्र गुपचूप चालतं. ती प्लास्टिकच्या थरात शिरतात, त्याच्या लांबलचक रेणूंच्या मध्ये जाऊन बसतात आणि थर फुगतो, मऊ पडतो. मऊ पडलेल्या थराची चामड्यावरची पकड सुटते आणि पुढे साध्या घासण्यानेही त्याला भेगा पडतात. सोफ्यासाठी वापरायच्या पॉलियुरेथेनची प्रयोगशाळेत ओलेइक आम्ल लावून परीक्षा घेतात, ती याच कारणाने. म्हणजे डोक्यामागचा तडा बहुतेक वेळा तेलाच्या कमतरतेचा नसून तेलाच्या अतिरेकाचा असतो.

हे मला उशिरा कळलं. आमच्या गडद तपकिरी सोफ्याच्या उजव्या कोपऱ्यात बाबा रोज संध्याकाळी बसतात. तिथला भाग काळपट आणि चकचकीत झाला, तेव्हा मी तो कोरडा पडला असं समजून दर दोन-तीन महिन्यांनी कंडिशनर चोळत राहिलो. वर्षभरात तो भाग हाताला चिकटायला लागला. मी तेलाच्या थरावर आणखी तेलच चढवत होतो. कंडिशनर त्या प्लास्टिकमधून खालच्या तंतूंपर्यंत जवळजवळ पोचतच नव्हता.

मग साफ करायचं ठरवलं. आधी सोफ्याच्या खालच्या, न दिसणाऱ्या कडेवर पाण्याचा एक थेंब टाकून पाहिला. थेंब तसाच उभा राहिला, म्हणजे वर थर होता. थेंब मिनिटभरात मुरला आणि डाग गडद झाला, तर ते उघडं ॲनिलीन चामडं समजावं. त्याचा विचार वेगळा करावा लागतो, तो पुढे.

साबण निवडणं महत्त्वाचं. कमावलेलं चामडं किंचित आम्लधर्मी असतं, त्याचा पीएच साधारण ३.५ ते ५. अंगाचा साबण ९-१० च्या आसपास असतो, खाण्याचा सोडा ८ च्या वर. असे अल्कधर्मी पदार्थ वारंवार लागले, तर कमावताना जुळलेले बंध सैल होऊ लागतात. म्हणून चामड्यासाठीचा सौम्य, उदासीन पीएचचा फेसाळ क्लीनर घ्यावा. डिस्टिल्ड पाणी वापरलं तर क्षारांचे पांढरे डाग मागे राहत नाहीत.

आधी ब्रशवाल्या नळीने धूळ ओढून घेतली, नाहीतर तीच सँडपेपरसारखी घासते. मग स्पंजवर क्लीनर घेऊन दाबून दाबून फेस काढला आणि द्रव न लावता फक्त फेस लावला. एका वेळी वीतभर जागा, मऊ केसांचा ब्रश, हलक्या हाताने गोल गोल. फेसातल्या रेणूंचं एक टोक तेलाला धरतं आणि दुसरं पाण्याला, पण तेल सुटायला त्यांना वेळ लागतो, म्हणून मिनिटभर थांबलो. मग कोरड्या मायक्रोफायबर कापडाने टिपलं, ओल्या पिळलेल्या कापडाने पुसलं आणि पुन्हा कोरडं केलं. पहिल्या फेरीत कापड काळपट झालं. तिसऱ्या फेरीनंतर त्यावर जेमतेम राखाडी छटा उरली, तेव्हा थांबलो.

इथे एक सावधगिरी हवी. कापडावर येणारा मळ करडा-काळपट असतो. कापडावर सोफ्याचाच रंग उतरायला लागला, तर तो मळ नाही, थर सुटतो आहे. हात तिथेच थांबवावा. गडद सोफ्यावर हा फरक ओळखणं कठीण जातं, म्हणून मागच्या स्वच्छ भागावर ओलं कापड फिरवून तुलना करावी.

साफ झालं की नाही हे प्रकाश तिरका पाडून कळतं. तेल उरलं असेल तर त्या जागी चमक राहते, निघालं असेल तर पृष्ठभाग बाकी सोफ्यासारखा मंद दिसतो आणि बोट अडखळत नाही. वाळवायला फक्त पंखा लावावा. ऊन किंवा हेअर ड्रायर नको. चामड्याला लवचीक ठेवण्यात त्यातल्या पाण्याचाही वाटा असतो, आणि उष्णतेने ते भराभर उडून जातं.

आमच्या सोफ्याचा चिकटपणा काही दिवसांत बराच कमी झाला. पण एका तळहाताएवढ्या जागी नख दाबलं की खूण तशीच राहत होती. तिथला थर कायमचा मऊ झाला होता. अशा जागी जुना थर काढून नवा रंग देणं एवढाच उपाय उरतो, आणि ते काम जाणकाराकडूनच करून घ्यावं.

कंडिशनरला जागाच नाही असं नाही. थर असलेल्या चामड्याला साफ केल्यावर पाण्यात मिसळणारा, न चिकटणारा कंडिशनर वर्षातून एक-दोनदा, अगदी पातळ हाताने पुरे. उघड्या ॲनिलीन चामड्याला तो खरोखर पोचतो. मात्र तिथे त्वचेचं तेलही तंतूंमध्ये मुरतं. ताज्या डागावर कॉर्नफ्लोअर काही तास ठेवलं तर थोडं तेल शोषलं जातं, पण जुना गडद डाग पूर्ण निघत नाही.

स्वयंपाकघरातली तेलं मात्र कुठल्याच चामड्याला लावू नयेत. जवसाचं तेल हवेत वाळून कडक होतं, ऑलिव्हचं हळूहळू खवट होतं. एके काळी संग्रहालयांत आणि ग्रंथालयांत चामड्याला लॅनोलिन आणि मधमाशीच्या मेणाचं मिश्रण नेमाने चोळत असत. त्याने पृष्ठभाग चिकट झाले, धूळ धरू लागले, काही ठिकाणी चरबीची पांढरी बुरशीसारखी साय वर आली. पुढे जतन करणाऱ्यांनी ती सवय सोडली.

आता बाबांच्या डोक्यामागे एक सुती कापड असतं. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये पुरुष केसांना मॅकॅसर तेल लावत, आणि खुर्चीच्या पाठीवर टाकायच्या कापडाला तिथे अँटिमॅकॅसर म्हणू लागले. आमचं कापड दर आठवड्याला धुवायला जातं, आणि ते काढलं की तेवढ्यात ती जागा ओल्या पिळलेल्या कापडाने पुसून घेतो.